आवाजाला मालक हवा

गल्लीत तिला सगळे भूतवाली म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पोटापाण्याचा उद्योग तसा अगदी सपक होता. एका छापखान्याची मुद्रितं घरी आणायची आणि दुसऱ्यांच्या काना-मात्रा सुधारत बसायचं. ते काम दुपारी एकच्या सुमाराला आटपलं की ती दुसरी वही उघडायची आणि एका मासिकासाठी भयकथा लिहायची. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी ही बाई लोकांची झोप उडवते, याचं तिच्या नवऱ्याला लग्नाला बावीस वर्षं झाली तरी नवल वाटायचं.

गेल्या वर्षी सासूबाई घरातच पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. घरी सोडताना डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पुन्हा पडल्या तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." नवरा सकाळी कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा. मधले आठ तास म्हातारी हिच्या हवाली.

ती पुढच्या खोलीत टेबलाशी, सासूबाई मागच्या खोलीत पलंगावर, मध्ये स्वयंपाकघर. दर पाच मिनिटांनी उठून डोकावलेलं सासूबाईंना खपत नसे. "मी काय दूध आहे का उतू जायला?" असं त्या म्हणत. मग तिने राखण कानांवर सोपवली. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवायचं, बस्स. लोखंडी पलंगाचा एक नट सैल होता. सासूबाईंनी नुसता हात हलवला तरी पलंग करकरायचा आणि मागोमाग तो नट झणझणायचा. वॉकरचे रबरी पाय टेकले की ठप्, मग चपलेची फरफट. ठप्, फरफट, ठप्, फरफट, म्हणजे स्वारी न्हाणीघराकडे निघाली. तिथवर तिचं पेन थांबायचं. पाणी पडलं, परतीची फरफट आली, पलंग करकरला, की पेन पुन्हा चालू. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "तू लिहितेस की पहारा करतेस?" ती म्हणाली, "दोन्ही. कान काय पगार मागतात?"

त्या महिन्यात संपादकाने तिची गोष्ट परत पाठवली. वर शेरा मारला होता, ‘शेवटी थोडं रक्त येऊ द्या.’ तिचा पारा चढला. रक्त काय, कुणीही सांडतं. सुरी घेतली की झालं. तिने उलट टपाली कळवलं की पुढच्या गोष्टीत एक थेंब सांडणार नाही, घरातल्या रोजच्या आवाजांवर सगळी गोष्ट उभी करीन, आणि वाचून झाल्यावर तुम्ही तुमच्या कचेरीचं दार नीट लागलंय का ते बघायला उठला नाहीत तर माझं मानधन कापा.

बोलून तर बसली, आता करून दाखवणं आलं. पण यातली मेख तिला ठाऊक होती. नुसत्या आवाजाला कुणी भीत नाही. ‘धडाम’ लिहिलं की वाचणारा दचकतो आणि पुढच्या ओळीला विसरतो. आधी आवाजाला मालक द्यावा लागतो. भर उजेडात, कुणी धुणं वाळत घालत असताना, सांगून टाकायचं की ही काठी आत्याबाईंची, ती अशी वाजते. मग तो आवाज पुन्हा येऊ द्यायचा, मध्येच, दुसऱ्याच कसल्या बोलण्यात. एव्हाना वाचणाऱ्याने तो ऐकणं सोडलेलं असतं. तिथे हलकेच मालक काढून घ्यायचा. आत्याबाई समोर बसून शेंगा सोलतायत, काठी कोपऱ्यात उभी आहे, आणि माडीवर तीच काठी चालतेय. गोष्टीतल्या बाईने घाबरायचं नाही. तिने म्हणायचं, खिडकी आपटत असेल. हे कारण जवळजवळ पटलं पाहिजे, पुरतं नाही. तीही आत्याबाईंबरोबर शेंगा सोलत राहते आणि भीती वाचणाऱ्याला एकट्याला सोसावी लागते.

हे सगळं ती पहिल्यांदा सासूबाईंना वाचून दाखवायची. म्हातारी चौथी शिकलेली, पण समीक्षक म्हणून संपादकाच्या वरताण. "तीनदा नको वाजवूस," त्या म्हणाल्या होत्या. "दोनदा वाजव आणि थांब. तिसरा आपला आपणच मोजतो माणूस."

त्यांच्या दोघींची एक पद्धत होती. कागदावरचा आवाज खरा कसा लागतो, हे बघायला ही पुढच्या खोलीत तो काढायची. कधी वाटी, कधी पेनचं टोपण, कधी शिवणाचं अंगुस्तान. सासूबाई आत डोळे मिटून ऐकायच्या. कधी त्यांनाच काही सुचलं तर त्या बोटातल्या अंगठीने पलंगाच्या दांडीवर वाजवून दाखवायच्या. मात्र चाचणी चालू असताना कुणी अवाक्षर बोलायचं नाही, कारण माणसाचा आवाज आला की घाबरण्यातली मजा गेली. वाजवणारीने ‘झालं’ म्हटलं की मगच बोलायचं. या खेळात म्हातारी इतकी रंगायची की हिला कधीकधी तिचा लोभ वाटायचा. सासू म्हणून नव्हे, मैत्रीण म्हणून.

त्या दिवशी दोनच्या सुमाराला गोष्ट अडली होती. माडीवरची काठी कशी वाजवावी हे काही केल्या जमेना. तिने टेबलावर टोपण वाजवून पाहिलं, पटलं नाही. स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरत होता. त्याची मोटर लागली की बारीकसारीक आवाज सगळे तिच्याखाली दबून जायचे, पण रोजचाच आवाज असल्याने तिकडे लक्ष जात नसे. थोड्या वेळाने तो अंग झटकल्यासारखा हादरला आणि बंद पडला. आता घर केवढं शांत आहे, हे तेव्हा कुठे तिला कळलं.

त्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज आला. टक. टक. मग श्वास घेण्याइतका खंड. आणि टक.

तिला हसू फुटलं. आपण अडलोय हे म्हातारीने टोपणाच्या आवाजावरून ओळखलं होतं आणि आता ती उत्तर देत होती. हिने पटकन लिहून घेतलं, ‘दोन, थांब, एक.’ पुन्हा आलं. दोन, थांब, एक. या वेळी मधला खंड जरा लांबला होता. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मोजायला सुरुवात केली. पाच सेकंद. मग सहा. मग आठ. खंड वाढवत न्यायचा, म्हणजे वाचणारा त्या शेवटच्या टकची वाट पाहत लटकत राहतो. हे तर तिलाही सुचलं नव्हतं! काय कान आहेत या बाईचे, असं म्हणत तिने मान खाली घातली आणि ती झपाट्याने लिहू लागली. वीस मिनिटं ती त्या आवाजावर लिहीत होती. इतकं छान तिचं पेन महिनाभरात चाललं नव्हतं.

मालक काढून घ्यायची जागा आली. तिची एक युक्ती होती. आवाज तसाच ठेवायचा, पण त्याच्या सोबतीचा एखादा आवाज गाळायचा. काठी वाजते, पण पावलं वाजत नाहीत. वाचणाऱ्याला काय चुकलंय ते चटकन सांगता येत नाही, नुसती हुरहुर लागते. गोष्टीत काय गाळावं म्हणून तिने क्षणभर कान दिले आणि जे ऐकू आलं ते उतरवलं, ‘टकटक येत होती, पण पलंग करकरत नव्हता.’

वाक्य लिहून झालं. तिने ते वाचलं आणि पेन खाली ठेवून पुन्हा वाचलं.

पलंग करकरत नव्हता. नट झणझणत नव्हता. दांडीवर अंगठी वाजवायची तर हात हलायला हवा, आणि हात हलला की तो नट गप्प बसणं शक्यच नव्हतं. मघापासून एकदाही झणझण आली नव्हती. तिने आठवून पाहिलं. खोकला नाही, कूस नाही, फरफट नाही. फ्रिज बंद पडल्यापासून मागच्या खोलीतून त्या टकटकीखेरीज काहीही आलं नव्हतं. आणि फ्रिज चालू असताना काय झालं असेल, ते तिने ऐकलंच नव्हतं.

ती उठली. हाक मारावी असं वाटलं, पण सवयीने तोंड उघडेना. स्वयंपाकघर ओलांडताना आवाज पुढे चालूच होता. टक. टक. तिने दाराला हात लावला. तिसरा टक आला नाही.

खोलीत लख्ख ऊन पडलं होतं. वॉकर भिंतीशी त्याच्या जागी उभा होता. पलंग रिकामा होता. पलंग आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या फटीत सासूबाई पालथ्या पडल्या होत्या. रजईसकट घसरल्यामुळे पडल्याचा आवाज फारसा झालाच नसावा. दोन्ही हात अंगाखाली दुमडून अडकले होते. बोट हलवायलाही जागा नव्हती. डोळे मात्र उघडे होते.

"आई!"

"झालं का तुझं?" सासूबाईंनी कसंबसं विचारलं.

तिने त्यांना ओढलं नाही, तेवढं भान राहिलं. आधी रुग्णवाहिकेला फोन केला, मग जमिनीवर आडवी होऊन त्यांच्या गालाशी गाल लावला आणि ढसाढसा रडली. "हाक का नाही मारलीत हो?"

"तुझं चाललं होतं ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ‘झालं’ म्हणेल तेव्हा बोलू."

हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, छाती दबली होती, आणखी अर्धा तास गेला असता तर हाडाचा प्रश्नच उरला नसता. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि तो औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. गोष्टीची पानं तिने टेबलाच्या खणात टाकली. आपण म्हातारीच्या मरणाला दाद देत वीस मिनिटं बसलो होतो, हे तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. सासूबाईंच्या आवाजात आता धार आली होती.

"एक विचारू? काल ते कशाने वाजवत होतीस?"

तिच्या हातातला चमचा थांबला. डिस्चार्ज मिळाल्यावर ही बाई त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपणार होती. दुसरी खोली होती कुठे?

"याच्यानेच," ती म्हणाली. "चमच्याने."

"हं." सासूबाईंनी घोट घेतला. "आवाज चांगला निघाला. पण इतक्या जवळ, माझ्या कानाशी येऊन कशाला गं वाजवायचा? मी केवढी घाबरले."

तिने त्यांच्या ओठांवरचं पाणी पदराने टिपलं.

"चुकलंच माझं, आई," ती म्हणाली. "पुन्हा नाही वाजवणार."