मातीआधी पाया मागणारे व्याही

बाईंना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. कुणाकडे गेल्या की हातात पाण्याचा पेला आणि नजर छताकडे! मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, माणसं तारीख ठरवत होती आणि या बयेनं काय करावं? होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यातली भिंतीची भेग बोटानं चाचपत उभ्या! लेकीनं डोळे वटारले तेव्हा कुठे खाली बसल्या. इमारतीचे खांब, तुळया, पाया यांचं गणित मांडणं हा त्यांचा धंदा. दारावर 'स्ट्रक्चरल कन्सल्टंट' अशी पाटी होती, पण सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. आणि व्याही निघाले बिल्डर. दुधात साखर, असं सगळ्यांना वाटलं. कसली साखर! दाताखाली खडाच आला.

झालं असं, की लग्नानंतर व्याह्यांनी सात मजल्यांचं काम काढलं आणि बाईंकडे पायाची ड्रॉइंग मागितली.

"मातीचा रिपोर्ट कुठाय?" बाईंनी विचारलं.

"अहो विहीणबाई, शेजारच्या प्लॉटचा आहे की! तिथं दोन मीटरवर खडक लागला. जमीन काय कुंपण बघून बदलते? जमीन चौरस मीटरला वीस टन पेलते असं गृहीत धरा आणि द्या काढून. खोदायला माणसं येऊन बसलीत."

बाईंनी तीनदा तोंडी समजावलं. तिन्ही वेळा व्याह्यांनी हसत हसत चहा मागवला. माणूस लबाड नव्हता हो, पण ऐकेल तर शपथ. शेवटी बाईंनी ठरवलं, आता लेखीच द्यायचं.

आणि मायन्यालाच घोडं अडलं. 'महोदय' लिहावं तर व्याही रुसणार, 'व्याहीबुवा' लिहावं तर पुन्हा चहा मागवणार. बाई टेबलाभोवती फिरल्या, पंखा बंद केला, परत लावला. खरी भीती वेगळीच होती. लेक त्यांच्या घरात नांदत होती, त्यांच्याच ऑफिसात फ्लॅटचं बुकिंग बघत होती. व्याह्यांचा राग आईवर निघणार नाही, तो पोरीला रोज जेवताना गिळावा लागेल. पण ते सात मजले माणसांनी भरलेले डोळ्यापुढे आले, की हात पुन्हा कागदाकडे जायचा. लिहिलं एकदाचं 'महोदय'.

'खांबावर किती भार येईल ते मी सांगू शकते. तुमची जमीन तो किती पेलेल, ते मला माहीत नाही. खांबाखालचं फुटिंग केवढं आणि किती खोल, हे दोन्ही कळल्यावरच ठरतं. शेजारचा रिपोर्ट शेजारच्या जमिनीचा. आपल्याकडे एका टोकाला खडक आणि दुसऱ्याला भराव निघाला, तर एक बाजू खचेल, दुसरी खचणार नाही आणि इमारतीला तडे जातील. म्हणून आधी जागोजागी जमिनीत बोअर घ्या, माती आणि खडकाचे नमुने तपासून घ्या, पाणी किती खोलीवर लागतं ते बघा. अंदाजाच्या आकड्यावर मी सही करणार नाही.'

पत्र पोचलं आणि फोन वाजला.

"घरच्या माणसाला महोदय? आणि इंजिनियरनं 'माहीत नाही' लिहायचं? दुसरा कुणीही उद्या काढून देईल!"

"देईल ना," बाई म्हणाल्या. "पण माहीत त्यालाही नसेल."

पलीकडून फोन आपटला.

त्यानंतर लेकीचा फोनच येईना. बाईंनी दूध उतू घालवलं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. आपण आई असून पोरीच्या सुखात माती कालवली, हेच मनात घोळत होतं. शेवटी राहवेना, तशा उठल्या आणि थेट साइटवर गेल्या.

तिथं बोअरचं यंत्र धाडधाड चाललं होतं. शेजारी डोक्याला ओढणी गुंडाळून, धुळीनं माखलेली त्यांची लेक!

"तू इथं कशी गं?"

"यंत्र मीच बोलावलंय. इकडच्या बाबांना सांगितलं, आईची सही नाही तर माझंही बुकिंग बंद. लोकांना काय थापा मारू, खाली खडक आहे म्हणून?"

"अगं, मग फोन तरी करायचास!"

"बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. हे तुला कळलं असतं, तर तू पत्र मागं घेतलं असतंस."

खरंच घेतलं असतं.

पहिल्या दोन बोअरना दोन मीटरवर खडक लागला होता. तिसरं सहा मीटर खाली गेलं तरी काळा भुसभुशीत भरावच वर येत होता, त्यात विटांचे तुकडे आणि कसलंसं फडकं. व्याही लांब हाताची घडी घालून उभे होते, ते जवळ आले. विटेचा एक तुकडा उचलून उलटापालटा करत राहिले. बाईंना जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. लिफ्ट आणि जिना नेमके इथंच येणार होते.

व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलंही नाही. घसा खाकरून ते सुनेला म्हणाले, "पोरी, चौथं कुठं घ्यायचं?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि मोठ्या कष्टानं मिटलं.

लेकीनं आधीच्या तिन्ही जागा नजरेनं मोजल्या. मग खडक लागलेल्या आणि न लागलेल्या बोअरच्या मधोमध गेली, टाचेनं मातीत फुली मारली. खडक कुठं संपतो ते तिथंच कळणार होतं; जागा अगदी बरोबर होती.