चोवीस सेकंदांचा बाप

फार सरळ माणूस दिसला की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. आमचा वायरमन तसलाच. दिवसभर खांबावर, संध्याकाळी बास्केटबॉलच्या टेबलाशी माझ्या शेजारी. मी गुण आणि फाऊल लिहिते, तो चोवीस सेकंदांचं घड्याळ चालवतो. चेंडू हातात आला की तेवढ्या वेळात बास्केटकडे टाकायचा आणि तो निदान रिंगला तरी लागला पाहिजे. नाहीतर चेंडू समोरच्यांचा.

त्या दिवशी फायनल, त्यात वायरमनची लेक खेळणार, आणि घड्याळाला दुसरं कोणी मिळेना. पंच म्हणाले, "चालेल." मला मेलं कुठे चालत होतं? कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? मी ठरवलं, आज याच्या बोटावरची नजर हलवायची नाही.

शेवटची अठ्ठावीस सेकंदं उरली. लेकीचा संघ एका गुणानं पुढे, चेंडू त्यांच्याकडे, चोवीसचं घड्याळ नुकतंच सुरू झालेलं. समोरचा कोच ओरडला, "फाऊल करू नका! शेवटी चार सेकंद आपल्याला मिळतायत." हुशार माणूस. त्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघांचे चार-चार फाऊल झाले होते. यांनी पाचवा केला की लेकीच्या संघाला दोन फ्री थ्रो, अडवायला कोणी नसताना एकेका गुणाचे दोन नेम, म्हणजे आयतं ताट.

लेकीनं वेळ खात खात चेंडू खेळवला आणि चोवीसातले तीन सेकंद उरले असताना टाकला. तो रिंगजवळून खाली आला, तिच्या मैत्रिणीनं झेलला. रिंगला लागून चेंडू परत त्याच संघाला मिळाला की नवी चौदा सेकंदं मिळतात; पण सामन्यातच तेवढी उरली नव्हती, म्हणून लागला असता तर वायरमननं घड्याळ बंदच केलं असतं. मग चेंडू कवटाळून बसलं की जिंकले. पण त्याचं बोट जागचं हललं नाही. चोवीस सेकंदांचा भोंगा वाजला.

पंच टेबलाशी आले. "रिंगला लागला का?"

"नाही," वायरमन म्हणाला.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही दिसलं," मी म्हटलं.

चेंडू समोरच्यांना गेला. लेक रागानं धावली ती थेट नेम धरणाऱ्या पोरीच्या हातावर. तिचा स्वतःचा पाचवा फाऊल, म्हणून ती बाहेर. संघाचाही पाचवाच. दोन्ही फ्री थ्रो आत गेले आणि कप गेला.

वायरमन वायरी गुंडाळत होता तेव्हा लेक आली. बापाकडे बघेना.

"मावशी, लोक काय म्हणतील म्हणून बाबांनी बटण दाबलं नाही, असं सगळ्या म्हणतायत. तुम्ही शेजारी होतात. नव्हता लागला म्हणालात तर मी त्यांच्याबरोबर घरी जाते."

वायरमन हातातली वायर तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. 

"मी चेंडू पाहिलाच नाही गं."

"मग काय बघत होतात?"

"बाबांचं बोट."

"म्हणजे तुमचाही विश्वास नव्हता," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून एकटीच निघून गेली.