कॉलमचं नाव बदललं म्हणून

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सगळे तिला ताई म्हणत, पण ती स्वयंपाकी नव्हती. ती तळमजल्यावरच्या कॉम्प्युटर विभागात होती. वॉर्डांकडून रोज सकाळी एक फाइल येई: खाट, पेशंट, काय द्यायचं, काय टाळायचं. ताईचा प्रोग्रॅम ठरल्या वेळी ती उचले आणि ताटांवर लावायच्या चिठ्ठ्या छापे.

वॉर्डांचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं. तिथल्या माणसाने एकदा न सांगता शेवटच्या दोन कॉलमची अदलाबदल केली. प्रोग्रॅम तिसरा म्हणजे ‘द्या’, चौथा म्हणजे ‘टाळा’ असं नुसतं क्रमाने वाचत होता. दोन्हीकडे पदार्थांचीच नावं, त्यामुळे तो कुठे अडखळला नाही. शेंगदाण्याने तोंड सुजणाऱ्या मुलीच्या ताटावर चिठ्ठी आली, ‘द्या: शेंगदाणे’. नर्सने ते पाहिलं म्हणून निभावलं. सगळी ताटं परत बोलावली.

त्याच दिवशी ताईने प्रोग्रॅमला आधी फाइलची पहिली ओळ, म्हणजे कॉलमची नावं, तपासायला लावलं. चारही नावं सापडली तर क्रम कसाही असो, नावाने वाचायचं. एखादं नाव नसेल किंवा दोनदा असेल, तर एकही चिठ्ठी न छापता थांबायचं आणि तिच्या फोनवर निरोप धाडायचा.

काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी ती डबा भरत असतानाच निरोप आला: ‘टाळा’ सापडला नाही. त्या जागी ‘सूचना’ होता.

ती पोचली तेव्हा मुख्य आचारी दारातच उभा होता. “ताई, उपमा गार होतोय. ताटं कुणाकुणाला लावू?”

तेवढ्यात तिच्या विभागाचे साहेबही आले. “चौथा कॉलम तोच असणार. तपासणी काढा आणि चालवा. इतका काय बाऊ करायचा?”

“असणार म्हणू नका, साहेब. मागच्या वेळीही तोच असणार होता.”

तिने कंपनीत फोन लावला. पलीकडचा माणूस निवांत होता. “काही नाही हो, फक्त नाव बदललंय.”

“आत काय आहे?”

“टाळायचं तेच. आणि आता आवडनिवडही टाकतो. ‘दूध आवडतं’ वगैरे.”

ताईने कपाळावर हात मारला. फोन स्पीकरवर होता. साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

“म्हणजे ज्याला दूध आवडतं, त्याच्या ताटावर आम्ही ‘टाळा: दूध’ छापणार होतो. आवडनिवड वेगळ्या फाइलीत पाठवा. ही जुन्या नावांनी आत्ता पाठवा. मी फोन ठेवत नाही.”

तो कुरकुरला, पण फाइल आली. पहिली ओळ जुळली, चिठ्ठ्या निघाल्या. नाश्ता उशिरा गेला आणि वॉर्डांच्या तक्रारी ताईच्याच नावावर लागल्या. आभार कुणी मानले नाहीत. उलट दुपारी साहेबांनी विचारलं, “हे थांबणं जरा कमी नाही का करता येणार?”

“येईल की,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तपासणी तशीच ठेवून, थांबल्याचा निरोप जाणाऱ्या नंबरांमध्ये तिने कंपनीतल्या त्या माणसाचा नंबर स्वतःच्याही वर घातला.