चिमीच्या हातातला फोन

माझी धाकटी बहीण विजेचे मीटर वाचते. घरात ती चिमी आणि तिच्या हद्दीतल्या गल्ल्यांत मीटरबाई. डाव्या हाताने पेटीचं झाकण उचलून धरायचं, उजव्या हाताने फोन समोर नेऊन फोटो काढायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने आकडे भरायचे. झाकण सोडलं की आपटून मिटतं, त्यामुळे फोनच्या वाट्याला एकच हात. दिवसाला दीडशे मीटर.

मी बसथांब्यासमोर मोबाईलची कव्हरं विकतो. सहा वर्षांपूर्वी ऑफिसने तिचा तळहातात मावणारा फोन काढून घेतला आणि हा थोराड फोन दिला, तेव्हा माझ्या अंगात मोठा भाऊ संचारला. नुसता फोन पातळ आणि गुळगुळीत. निसटू नये म्हणून बोटं आवळून धरावी लागायची. मी दुकानातलं सगळ्यात जाड रबरी कव्हर चढवलं, वर जाड काच चिकटवली आणि म्हणालो, "आता दुसऱ्या मजल्यावरून टाक खुशाल!"

पकड सुधारली, त्यावर मी आजही भांडायला तयार आहे. पण रुंदी वाढली, वजन वाढलं. कव्हरवाला जाडी बघतो, वजन कोण करतो? तिचा पंजा लहान. 'पाठवा'चं बटण पडद्याच्या वरच्या पलीकडच्या कोपऱ्यात. तिथे पोचायला अंगठा ताणायचा, मनगट वाकवायचं आणि सगळा भार खाली करंगळीवर. पहिल्या वर्षी करंगळीला खळगा पडला. आम्ही हसलो. मी तर म्हणालो, "तुला नोकरीचा शिक्का बसला."

पुढे अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. ती बोलली नाही. दुधाचं पातेलं डाव्या हाताने उतरवू लागली, ते मला दिसलं आणि मी विचारलं नाही. याची मला लाज वाटते.

शेवटी दवाखाना गाठला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे झुकवायला सांगितलं. चिमी किंचाळली.

"अंगठा ओढणाऱ्या कंडरा, दोऱ्याच म्हणा, इथे एका अरुंद वाटेतून जातात," त्या म्हणाल्या. "ती वाट सुजून आवळली आहे. इंजेक्शन देते, पट्टा देते. पण फोन हलका हवा, दोन्ही हातांनी धरा आणि दीड महिना विश्रांती."

इंजेक्शनचा गुण चार महिने टिकला. डाव्या हाताने फोन धरून पाहिला तर आकडे चुकले आणि झाकण धरताना उजव्या अंगठ्यातून कळ गेली. मी तिच्या ऑफिसातल्या साहेबांना भेटलो.

"फोन सगळ्यांना एकच आहे हो," ते म्हणाले. "हाताचं माप घेऊन कुठून आणू? आणि दीड महिना म्हणाल, तर त्या गल्ल्या दुसऱ्याला द्याव्या लागतील."

माणूस वाईट नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. भांडायचं तरी कोणाशी?

शेजारच्या भाजीवाल्याच्या काट्यावर मी फोन ठेवला. तीनशे दहा ग्रॅम. माझ्या खणात तिच्या जुन्या फोनसारखाच एक पडला होता, तो भरला एकशे वीस. भाजीवाला म्हणाला, "एवढ्यात चार टोमॅटो बसतात की!" सहा वर्षं तिने ते चार टोमॅटो हात पुढे करून धरले होते आणि त्यातले ऐंशीएक ग्रॅम माझे, प्रेमाचे.

मी कव्हर सोलून काढलं, काचही काढली. चिमीने फोन तोलून पाहिला. "अगंबाई, किती हलका!" तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर गेलो. दोन मीटर झाले. तिसऱ्याला तिचा अंगठा कोपऱ्याकडे गेला आणि फोन साबणासारखा निसटून दारातल्या पायपुसण्यावर पडला. फुटला नाही.

"आवळता येत नाही रे," ती म्हणाली. "बोटांत जोरच राहिला नाही. एवढं गुळगुळीत धरायचं तर जास्तच दुखतं."

"मग पातळ कव्हर देतो. खरखरीत, हलकं."

"आणि परत पडला तर? फरशीवर? फोन फुटला की गल्ल्या गेल्याच समज." तिने हात पुढे केला. "दादा, ते जुनंच चढव. आणलंयस ना?"

आणलं होतं. धंद्याची सवय, खिशात होतं. तिला एका हाताने ते चढवता येईना, म्हणून चारही कोपरे मीच दाबून बसवले. सहा वर्षांपूर्वी बसवले होते तसेच, घट्ट.

फोन दिला तेव्हा तिने तो दोन्ही हातांत घेतला. मग झाकण उचलायला डावा हात काढावा लागला आणि तिचं उजवं मनगट माझ्यासमोर खाली वाकलं.