केसतोड नव्हे

मार्च १९९७, सोमवार. तालुक्याच्या दवाखान्यात मी सिस्टर होते आणि सकाळी सुया-चिमटे उकळायला ठेवत होते. तेवढ्यात हिंगणीकडचं एक जोडपं आलं. बाईच्या हातात कपड्यांनी भरलेली पिशवी. तपासायला येताना एवढे कपडे कोणी आणत नाही.

नवरा दारातूनच बोलला, "इले पाहून घ्या बाई. मंग इले गिरडले, माहेरी सोडून देतो."

"काऊन?"

"बाहेरचा रोग आणला इनं."

बाई खाली बघत म्हणाली, "मी घर अन् वावर सोडून कुठं गेलती?"

पडद्यामागे डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. मी बॅटरी धरली होती. जांघेत आणि योनीच्या बाहेरच्या कातडीवर मोत्यासारखे चमकदार, गोल, टणक फोड, प्रत्येकाच्या मधोमध बेंबीसारखी खळी. दुखत नव्हते; संक्रांतीनंतर आले, असं ती म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोलस्कम. विषाणूचे फोड." मग नवऱ्याला आत बोलावून विचारलं, "तुम्हाला आहेत का?"

"मले? नाई. मले तं केसतोड हायेत. बाभळीच्या काट्यानं फोडून राह्यलो दिवाळीपासून. दाबलं की पांढरा दाणा निघते."

"अन् मंग काटा?" मी विचारलं.

"टॉवेलले पुसतो."

"कोणत्या टॉवेलले?"

बाई म्हणाली, "एकच हाय घरात."

तपासलं तर त्याच्या ओटीपोटावर तसेच फोड होते, आणि दाढीच्या ब्लेडने केस काढले होते तिथे ओळीने उगवलेले. डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं: हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो, म्हणून मोठ्यांना बहुतेक संबंधातून होतो, पण टॉवेल, ब्लेडमधूनही जातो. त्या पांढऱ्या दाण्यातच विषाणू असतो, फोडला की आजूबाजूला नवे येतात. लागल्यावर दिसायला कधी पंधरा दिवस, कधी सहा महिने. कोणी कोणाला दिला, ते फोड बघून सांगता येत नाही.

"मंग इनं नाई आणला?"

"तिनंच आणला असं कोणीच सांगू शकत नाही," मी म्हटलं. "अन् केसतोड तुमचे आधीचे."

बाईला हसू आलं, तिने पदर तोंडावर घेतला.

फोड बहुधा आपोआप जातात, पण वर्षभर लागू शकतं. तिने काढून घेतले. सुईने दाणा काढून औषधाचा थेंब लावायचा. संबंधातून होणारे दुसरे आजार नकोत म्हणून दोघांनी रक्तही दिलं. त्याच्या फोडांची पाळी आल्यावर मात्र तो म्हणाला, "उद्या येतो."

"दोघंही येजा," मी म्हटलं. "संबंध बंद, फोड जाईपर्यंत. ब्लेड बंद. काटा चुलीत."

जाताना पिशवी त्याने उचलली आणि हिंगणीच्या एसटीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरचा मोठा टॉवेल मधून कापला, दोन्ही तुकड्यांच्या कडा शिवल्या, ओळखू यावा म्हणून एकाला लाल दोरा घातला, आणि ते घेऊन दवाखान्यात गेले.