आईची महागाई

दर महिन्याला ठरलेल्या दुकानांतून ठरलेल्या वस्तूंचे भाव टिपून आणणं ही बुलढाण्यातली माझी नोकरी. सरासरी कुटुंब जे विकत घेतं, त्याची एक टोपली मानतात आणि तिच्यावरून महागाईचा आकडा काढतात. सोनाळ्याला एकट्या राहणाऱ्या आईला पाठवायचे पैसे मी दरवर्षी त्या आकड्याइतकेच वाढवायचो. मला ते रास्त वाटायचं.

एका वर्षी भाज्या, डाळी उतरल्या आणि आकडा जेमतेम हलला. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि दवाखान्याचं जीपभाडं मात्र चढलं होतं.

"तुह्या टोपलीत सस्तं काय झालं रे बाबू?" तिनं फोनवर विचारलं.

"भाजी, डाळ."

"डाळ खाऊन बीपी उतरते काय? विचार तुह्या सायबाले."

मी हसलो. सरासरी घराच्या खर्चात औषधांचा वाटा थोडाच असतो, हे मला पाठ होतं. तिचा निम्मा खर्च दवाखान्यावरच व्हायचा, पण ते मी कधी विचारलंच नाही.

आई गोळी अर्धी करून घेत होती, हे शेजारणीनं सांगितलं, तेव्हा तिला लकवा मारून गेला होता. आता मी स्वतःच्या हातानं पूर्ण गोळी देतो. ती माझ्याकडे बघत राहते. तिला बोलता येत नाही, आणि माफी मागायचं धैर्य मला होत नाही.