तिसरी खुर्ची आणि हळदपेठेतला गाळा

सांगलीत मी नऊ वर्षं दुसऱ्याच्या आरशासमोर उभा राहून काम केलं. बसायचं असतं ते गिऱ्हाइकानं. संध्याकाळी पोटऱ्यांतल्या शिरा अशा ठसठसायच्या की खोलीवर जाताना चप्पल कुणाच्या पायात आहे तेच कळायचं नाही.

माझं गाव पाचगणीच्या घाटाखाली. शाळा सातवीत सुटली. गावातल्या घरांची हजामत थोरल्या भावाकडे होती, आणि सुगीला मिळणाऱ्या धान्यावर दोन वस्तरे चालणारे नव्हते. मग नात्यातल्या एकानं मला एसटीत घालून सांगलीला आणलं आणि कचेरीजवळच्या एका सलूनमध्ये उभं केलं. मालकांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "नखं बारीक हायती, चालंल." एवढ्यावर मला काम मिळालं. पहिले आठ महिने त्यांनी मला स्वतःच्या घरी जेवू घातलं. ते उपकार मी आजही विसरलेलो नाही. पुढं जे झालं त्यात मला सगळ्यात जड गेलं ते याचमुळं.

दुकानात तीन खुर्च्या. पहिली मालकांची, दुसरी एका जुन्या कारागिराची, तिसरी माझी. दिवसभर जे काम होईल त्यातलं निम्मं मालकांचं, निम्मं माझं. पण पंचाहत्तर-शहात्तर सालच्या सुमाराला मालकांची नजर कमी झाली आणि रोजच्या निम्म्या-निम्म्याचा त्यांना कंटाळा आला. एके दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना ते म्हणाले,

"गड्या, ही तिसरी खुर्ची तू भाड्यानं घे. महिन्याचं ठरवून टाकू. आरसा, पाणी, दिवा माझा. वस्तरा, मशीन, कापडं तुझी. मिळंल ते सगळं तुझं."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"तर भाडं तेवढं माझं," म्हणून ते हसले. मग म्हणाले, "बुधवारपातूर सांग. तुला नको आसंल तर दुसरं कोणतरी बगाया पायजे मला."

मी हिशेब नाही केला, नुसता घाबरलो. त्या वर्षांत पोरांनी केस वाढवायला सुरुवात केली होती. कान झाकलेले, मानेवर रुळणारे. महिन्याला येणारं पोरगं तीन महिन्यांनी यायचं, तेही "मागून जरासंच" म्हणायचं. जुना कारागीर त्यांना तोंडावर म्हणायचा, "येणी घालून देऊ का?" पोरं हसायची, पण केस कापून घ्यायची नाहीत. निम्म्यावर काम असलं की रिकामा दिवस दोघांचा असतो. भाड्याच्या खुर्चीत रिकामा दिवस एकट्याचा.

आणि दुसरीकडून हळदपेठेतला गाळा खुणावत होता. तिथल्या हमालांचा मुकादम अधूनमधून माझ्याकडे दाढीला यायचा. कामावरून सुटल्यावर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यायचा, कारण कचेरीतल्या लोकांशेजारी बसायचं म्हणजे त्याला तसं वाटायचं. त्यानं सांगितलं, की त्याच्या अडत्याचा एक गाळा रिकामा पडलाय. अरुंद आहे, पण वर माळा आहे. "चाळीस हमाल हायेत आमी. दाढीला कचेरीपातूर कोन येतंय? तूच हिकडं ये की."

गाळ्यापेक्षा मला तो माळाच जास्त दिसत होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, बायको गावी. सांगलीत मी आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचो. तिची पत्रं पोस्टमन लिहून द्यायचा, म्हणून त्यात फार काही नसायचं. शेवटी एकच ओळ ठरलेली असायची, "मला कधी नेता ते कळवावे." पोस्टमनचं अक्षर वळणदार होतं. तेवढी ओळ वाचायला मला जमायचं नाही.

सोमवारी आमचा धंदा बंद. हा नियम कुणी कागदावर लिहिलेला नव्हता, पण सोमवारी गावात कुणीही वस्तऱ्याला हात लावायचा नाही हे आमच्या नाभिक समाजानं ठरवलेलं. एकानं उघडलं तर सगळ्यांनाच उघडावं लागेल, मग कुणालाच पाय पसरायला मिळणार नाही. हे बसवण्यात आमचे मालक पुढं होते. तर अशाच सोमवारी मी गाळा बघायला गेलो. वस्तऱ्या-ब्रशाची पेटी हातात होती. खोलीवर ठेवली तर कुणी वस्तऱ्यानं पेन्सिलीला टोक काढील ही भीती, म्हणून मी ती कुठंही बरोबर न्यायचो.

गाळा चांगला होता. दार उत्तरेला, त्यामुळं आरशावर ऊन येणार नव्हतं. नळ दहा पावलांवर. मी माळ्यावर चढून उभा राहून बघितलं, डोकं टेकत होतं. चालेल, मी मनात म्हटलं, ती माझ्यापेक्षा बुटकी आहे.

खाली आलो तर मुकादम पोत्यांच्या थप्पीवर बसलेला, अंगभर हळदीची भुकटी, भुवयासुद्धा पिवळ्या. म्हणाला, "बग, बैठक कशी हाय. कर माझी दाढी."

"आज सोमवार हाय."

"मंग? तुज्या हाताला सोमवार असतोय व्हय रं? माज्या दाढीला तर न्हाई."

गाळा याच्याच शब्दावर मिळायचा होता. नाही म्हणायची मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या जागेत एकदा हात चालवून बघायचा मोहही झाला. मी पेटी उघडली, ब्रशनं फेस केला, त्याच्या गालावर लावला. फेस लाल झाला. वस्तरा तर अजून लावलेलाच नव्हता. मी बोटानं त्याचा जबडा चाचपू लागलो, कुठं फोड फुटली की काय म्हणून.

मुकादम खो खो हसला. "हळद हाय ती, मर्दा! साबन लागला की लाल हुतीया. आमचं रोजचंच हाय. घाबरतूस काय, कर!"

दाढी झाली. पांढऱ्या कापडानं मी तोंड पुसलं आणि ते नळावर साबणानं धुतलं. कचेरीजवळच्या दुकानातली कापडं परीट न्यायचा, त्यामुळं मला धुण्यातलं काही कळत नव्हतं. जितका साबण लावला तितके डाग लाल झाले. शेवटी तसंच पिळून मी ते गाळ्याच्या दारावर वाळत टाकलं आणि वस्तरा पुसायला घेतला. तेवढ्यात आमच्या दुकानात नेहमी येणारे एक कारकून सायकलवरून गेले. त्यांनी मला पाहिलं, हातातला वस्तरा पाहिला, ते कापड पाहिलं. पुढं जाऊन एकदा वळूनही पाहिलं.

मंगळवारी मी दुकानात शिरलो तेव्हा मालक खुर्ची पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणाला कापलंस म्हनं काल?"

मी सगळं सांगितलं. कापड पेटीत होतं, ते काढून दाखवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला. "रगत आसतं तर वाळून काळं पडलं आसतं. हळदच हाय." मग कापडाची घडी घालून माझ्या हातात दिली. "कापलं आसतंस तरी चाललं आसतं रं. हात चुकतो मानसाचा. सोमवार का मोडलास?"

मी घडी घातलेलं कापड पेटीत ठेवलं. नऊ वर्षांत ते माझ्यावर ओरडले नव्हते, तेव्हाही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकं आली. कारकूनही आले. मालकांनी स्वतः त्यांना हळदीची गोष्ट सांगितली. "असेल हो, असेल," ते म्हणाले, आणि माझी खुर्ची रिकामी असताना बाकावर बसून राहिले. त्यांच्या मागून आलेले मास्तरही बसून राहिले. मालकांच्या आणि जुन्या कारागिराच्या खुर्चीला रांग, आणि मी शेजारी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासतोय, धार असलेलाच. त्या दिवशी मी दोन दाढ्या केल्या. बुधवारी दुपारपर्यंत एकच, तीही बाहेरगावच्या माणसाची. उभं राहून काम केल्यानं पाय दुखतात हे मला माहीत होतं. रिकामं उभं राहिल्यानं जास्त दुखतात हे त्या दोन दिवसांत कळलं.

दुपारी मालक माझ्या खुर्चीत येऊन बसले. "दाढी कर माझी," म्हणाले. सगळ्यांसमोर. बाकावर चार माणसं होती. मी केली. कुठं लागलं नाही. त्यांनी तुरटी फिरवून घेतली, आरशात गाल बघितले, आणि बाकावरचं कुणीच उठून तिसऱ्या खुर्चीकडे आलं नाही.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "आता तुला ही खुर्ची भाड्यानं दिली तर मी तुला लुबाडल्यावानी हुईल. लोकं इसरत्याल, पन सा म्हैनं लागत्याल. तवर तू भाडं कुठनं देशील? हमाल तुला भ्यालं न्हाईत न्हवं?"

"न्हाई."

"मंग तिकडं जा. पन आधी समाजाम्होरं नारळ ठेव."

असा माझा निर्णय झाला. लोक विचारतात, स्वतःचं दुकान काढायचं धाडस कसं केलंस? धाडस कसलं. तिसऱ्या खुर्चीवर कुणी बसेना, म्हणून मी गाळ्यात गेलो. आमच्या समाजाच्या बैठकीत नारळ ठेवून, सोमवार मोडल्याबद्दल सगळ्यांसमोर हात जोडले. नगरपालिकेचा परवाना काढायला मालकच बरोबर आले, कारण अर्ज कुणाकडं द्यायचा हे मला ठाऊक नव्हतं.

दीड महिन्यानं बायको आली. एक ट्रंक आणि एक बोचकं. माळ्यावर चढली, डोकं टेकलं नाही. खाली आली तेव्हा दोरीवर माझी कापडं वाळत होती, सगळी लाल डागांची. हमालांना त्याचं काही नव्हतं, पण रस्त्यानं जाणारा दुसरा कुणी ती बघून आत येत नव्हता, आणि मी रोज अजून जास्त साबण लावत होतो.

"आवं, ह्ये काय करून ठिवलंय?"

"हळद हाय. साबणानं लाल हुतीया."

"ती मला सांगताय व्हय? लग्नातली हळदीची लुगडी कोन धुतंय? आदी मानसाचं त्वांड त्याल लावून पुसून घ्या, मंग साबन लावा. आन् कापडं सावलीत कशापायी वाळत घातली? उनात टाका की. दोन दिसांत डाग उडतोय."

मी, मालक, मुकादम, ते कारकून, एवढे पुरुष त्या कापडापायी हैराण झालो होतो, आणि आमच्यातल्या एकानंही कधी घरचं धुणं धुतलं नव्हतं. कापडं उन्हात गेली, डाग फिके झाले. दमणूक मात्र तेवढीच राहिली. पहाटे हमाल कामाला लागायच्या आधी दार उघडायचं आणि ते सुटल्यावरही पुन्हा उभं राहायचं.

एका सोमवारी दुपारी मी माळ्यावर पाय भिंतीला लावून पडलो होतो. माळ्यावर चढायला मागून शिडी होती, दुकानाच्या पुढच्या फळ्यांना बाहेरून कुलूप. बायको खिडकीशी काहीतरी निवडत बसली होती. म्हणाली,

"कोन म्हातारं आल्तं. कुलूप हलवून बगितलं, कापडं बगितली, आन् गेलं. हाक मारू का?"

मी उठून खिडकीशी येईपर्यंत मालक पेठेच्या टोकाला पोचले होते. चालणं त्यांचंही माझ्यासारखंच, पाय ओढत. मी हाक मारली नाही. त्यांना जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं होतं.